करकपात होणार, की नुसता विचार?

वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी येते आणि तिच्यावर मथळा असतो, ‘गव्हर्नमेंट मल्स टॅक्स कट’. पान सोडायची वेळ झालेली असते. मराठी डेस्कवरचा उपसंपादक क्षणभर बघतो आणि लिहून टाकतो, ‘सरकार कर कमी करणार’. मराठी म्हणून यात काही खटकत नाही. पण मथळा चुकला आहे, कारण सरकारने अजून काहीच ठरवलेले नाही.

इंग्रजी मथळ्यांची भाषा रोजच्या इंग्रजीपेक्षा वेगळी असते. छापील पानाच्या अरुंद कॉलमात शब्द बसवता बसवता ती घडली. ‘अ’, ‘द’ ही उपपदे गळाली, ‘इज’, ‘आर’ गळाले आणि लांब क्रियापदांच्या जागी आखूड आली. ‘कन्सिडर’ लिहायला इंग्रजीत आठ अक्षरे लागतात, ‘मल’ चार अक्षरांत भागते. चौकशीला ‘प्रोब’, कपातीला ‘ॲक्स’, टीकेला ‘स्लॅम’ हे शब्दही असेच मथळ्यात शिरले. मराठीत ‘विचार’ हा शब्द मुळातच आखूड आहे. तेव्हा ‘मल’साठी खास मथळ्याचा शब्द शोधण्याची गरज नाही. ‘करकपातीचा विचार’ एवढे पुरते. जागा असेल तर ‘कर कमी करण्याचा सरकारचा विचार’.

खरा प्रश्न काळाचा आहे. इंग्रजी मथळा घडून गेलेली गोष्ट वर्तमानकाळात सांगतो. ‘मिनिस्टर रिझाइन्स’ म्हणजे मंत्र्याने राजीनामा दिला. त्याचे ‘मंत्री राजीनामा देतात’ केले, तर मंत्री दर महिन्याला राजीनामा देत असावेत असे वाटते, कारण मराठीतला हा वर्तमानकाळ सवय सांगतो. मराठी मथळा इथे क्रियापदच सोडून देतो, ‘मंत्र्यांचा राजीनामा’. तेच इंग्रजीत ‘टू रिझाइन’ असेल तर गोष्ट पुढे घडायची आहे आणि ‘मंत्री राजीनामा देणार’ हे चोख बसते. ‘-णार’ची जागा ही आहे. निर्णय झाला, अंमल बाकी आहे, तेव्हा ‘करणार’. विचार चालू असताना ‘करणार’ लिहिले की वाचक दुसऱ्या दिवशी आपल्या कर सल्लागाराला फोन करतो.

विचार आणि निर्णय यांच्यामधल्या पायऱ्यांसाठी मराठी वृत्तपत्रांनी फार उपयोगी शब्द घडवले आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘करकपातीच्या हालचाली’ म्हटले की बैठका झाल्या, प्रस्ताव पुढे सरकला, म्हणजे डोळ्यांना दिसेल असे काही घडले. ‘करकपातीचे संकेत’ म्हटले की कोणीतरी जबाबदार माणूस सूचक बोलला आहे, आणि तो कोण हे बातमीत सापडलेच पाहिजे. ‘करकपातीची शक्यता’ हा बातमीदाराचा किंवा जाणकारांचा अंदाज असतो, सरकार त्याबद्दल गप्पही असू शकते. म्हणून मी नव्या उपसंपादकाला एकच सांगतो. मथळा लिहिण्याआधी बातमीचे पहिले तीन परिच्छेद वाच आणि हे कोण म्हणाले ते शोध. त्या उत्तरातच शब्द मिळतो. प्रश्नचिन्ह टाकून ‘कर कमी होणार?’ असे लिहिण्याची पळवाट मला आवडत नाही. बातमी द्यायची जबाबदारी तिथे वाचकावर ढकलली जाते.

आता ‘टॅक्स कट’कडे येऊ. इंग्रजी मथळा कोणता कर ते सांगत नाही. मराठी वाचकाला पहिला प्रश्न तोच पडतो, प्राप्तिकर, जीएसटी की कंपन्यांवरचा कर? २० सप्टेंबर २०१९ चे उदाहरण घेतो, कारण त्यात या सगळ्या अडचणी एकत्र भेटतात. जीएसटी परिषदेच्या बैठकीसाठी गोव्यात आलेल्या अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी त्या दिवशी कंपनी कर कमी केल्याची घोषणा केली. मोठ्या देशी कंपन्यांसाठी ३० टक्के असलेला मूळ दर २२ टक्के झाला. घोषणा जीएसटीच्या बैठकीआधी झाली म्हणून ती जीएसटीची ठरत नाही. मथळ्यात नुसते ‘करकपात’ लिहिले असते, तर त्या दिवशी निम्म्या वाचकांची फसगत झाली असती.

इथे इंग्रजी मथळा ‘गव्हर्नमेंट कट्स कॉर्पोरेट टॅक्स टू २२ परसेंट’ अशा घाटाचा होतो. मराठीत त्यातला इवलासा ‘टू’ शब्दयोगी अव्ययात जातो, ‘कंपनी कर २२ टक्क्यांवर’. क्रियापद नाही, सरकार नाही, तरी अर्थ पुरा. ‘३० वरून २२ टक्क्यांवर’ केले की किती घटला तेही कळते. पण घाईत ‘-वर’च्या जागी ‘-नी’ पडले आणि ‘कंपनी कर २२ टक्क्यांनी घटला’ झाले, तर बातमी उलटीपालटी होते. कपात आठ टक्के अंकांची होती.

दुसरी चूक जास्त आत दडलेली आहे. ‘टॅक्स कट’साठी ‘करसवलत’ हा शब्द सर्रास लिहिला जातो. दर कमी होणे वेगळे आणि सवलत मिळणे वेगळे. २०१९ च्या त्या घोषणेत तर २२ टक्क्यांचा दर ज्या कंपनीला हवा असेल, तिने ठरावीक सवलती आणि वजावटी सोडून द्यायच्या, अशी अट होती. तिथे ‘कंपन्यांना करसवलत’ हा मथळा अटीच्या नेमका विरुद्ध गेला असता. ही अट मुख्य मथळ्यात मावत नाही. ती खाली उपमथळ्यात येते, ‘सवलती सोडणाऱ्या कंपन्यांनाच लाभ’. इंग्रजीत ज्या अर्थाला एक ओळ पुरते, त्याला मराठीत कधी दोन लागतात आणि त्यात कमीपणा नाही.

नामांची माळ हा इंग्रजी मथळ्याचा आणखी एक घाट. ‘टॅक्स कट प्लॅन रो’ अशी चार नामे नुसती शेजारी ठेवली की मथळा होतो. मराठीत नामे प्रत्ययाशिवाय अशी उभी राहत नाहीत, ‘करकपातीच्या प्रस्तावावरून वाद’ असे जोडून घ्यावे लागते. जोडताना नाते ठरवावे लागते. ‘पोलिस शूटिंग प्रोब’मध्ये गोळ्या कोणी झाडल्या? ‘पोलिसांच्या गोळीबाराची चौकशी’ आणि ‘पोलिसांवरील गोळीबाराची चौकशी’ या दोन निराळ्या घटना आहेत. इंग्रजी मथळ्याला गप्प राहता येते, मराठीला नाही. मला हे मराठीचे मोठे बळ वाटते.

जपानमधल्या एका इंग्रजी मथळ्याने २००९ मध्ये अशा गोंधळाला नावच मिळवून दिले, ‘क्रॅश ब्लॉसम’. विमान अपघाताशी ज्यांचे आयुष्य जोडले गेले, त्या व्हायोलिनवादिकेची कारकीर्द बहरते आहे, असे त्याला सांगायचे होते. ‘क्रॅश’ आणि ‘ब्लॉसम्स’ शेजारी आले आणि अपघाताचीच फुले आहेत असे वाचले गेले. मराठीत ‘बहरली’ शेवटी येते आणि तिचे स्त्रीलिंगी रूप सरळ ‘कारकीर्द’कडे बोट दाखवते, म्हणून नेमका हा घोटाळा होत नाही.

आपले घोटाळे दुसरीकडे होतात. ‘पळून गेलेल्या आरोपीच्या भावाला अटक’ वाचा. पळाला कोण, आरोपी की भाऊ? ‘गेलेल्या’ हे सामान्यरूप दोघांनाही चिकटते. असा मथळा मी मोडून लिहितो, ‘आरोपी फरार, भाऊ अटकेत’.