एक शब्द, दोन अर्थ

रमजानचा एकविसावा दिवस म्हणजे हजरत अली यांचा शहादत दिन. इराकमधील कुफा शहराच्या मशिदीत त्यांच्यावर विषारी तलवारीचा वार झाला आणि दोन दिवसांनी, इ. स. ६६१ मध्ये, त्यांचे निधन झाले. शिया आणि सुन्नी दोघेही त्यांना मानतात. मग वाद कशाचा? त्याचे उत्तर २९ वर्षे मागे, मदिनेत सापडते.

इ. स. ६३२ मध्ये पैगंबर मुहम्मद (स.) यांचे निधन झाले. हजरत अली हे त्यांचे चुलत भाऊ आणि जावई. ते घरच्यांसोबत अंत्यविधीच्या तयारीत होते. त्याच वेळी मदिनेचे मूळ रहिवासी असलेले अन्सार बनू साइदा कुळाच्या मांडवात जमले आणि आपल्यातूनच नेता निवडण्याचा विचार करू लागले. हे कळताच हजरत अबू बकर आणि हजरत उमर तिकडे धावले. मक्केच्या कुरैश घराण्याबाहेरचा नेता इतर अरब टोळ्या मान्य करणार नाहीत, असे अबू बकर यांनी सांगितले. ‘एक नेता तुमचा, एक आमचा’ अशीही सूचना पुढे आली. फूट पडेल या भीतीने उमर यांनी अबू बकर यांच्या हाती हात देऊन निष्ठेची शपथ घेतली आणि इतरांनीही ती घेतली. अबू बकर पहिले खलिफा झाले. या बैठकीत अली नव्हते.

अलींच्या समर्थकांच्या मते निवडीचा प्रश्नच नव्हता. काही महिन्यांपूर्वी, अखेरच्या हजहून परतताना, गदीर खुम येथे पैगंबरांनी अलींचा हात उंचावून सांगितले होते, की मी ज्याचा मौला, त्याचा अलीही मौला. हे उद्गार सुन्नी ग्रंथांतही आहेत. मतभेद आहे तो ‘मौला’ या शब्दाच्या अर्थाबद्दल. अरबीत त्याचा अर्थ स्वामीही होतो आणि जिवलग मित्रही. शिया म्हणतात, ही वारसाची घोषणा होती. सुन्नी म्हणतात, अलींवर प्रेम करा, एवढाच त्याचा आशय होता.

सुन्नी परंपरेनुसार अलींनी काही महिन्यांनी अबू बकर यांना मान्यता दिली. पुढे इ. स. ६५६ मध्ये ते स्वतः चौथे खलिफा झाले. म्हणजे तोवर हा वाद एकाच समाजातला होता, पंथ वेगळे झाले नव्हते. ‘शिया’ या शब्दाचा अर्थही मुळात ‘अलींचा गट’ एवढाच. इ. स. ६८० मध्ये करबला येथे अलींचे पुत्र इमाम हुसेन शहीद झाले आणि त्या गटाला स्वतःचा शोक, स्वतःची स्मृती मिळाली. नेता अल्लाहच नेमतो आणि तो अलींच्याच वंशातला असतो, हा इमामतीचा सिद्धांत त्यानंतरच्या काळात सविस्तर मांडला गेला. सुन्नींनी मात्र पहिल्या चारही खलिफांना आदर्श मानले. अली त्यांतले चौथे.

म्हणूनच कुराण एक, किब्ला एक, रोजाही एक. वेगळे आहे ते एवढेच, की पैगंबरांनंतरचा नेता लोकांनी निवडायचा होता की तो आधीच नेमलेला होता, या प्रश्नाचे उत्तर.