एकाच रिसेप्टरची दोन कामे: ओपिऑइड औषधे, वेदना आणि श्वास

ओपिऑइड रिसेप्टर म्हणजे चेतापेशींच्या पटलात बसवलेले एक प्रथिन. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन अशी अफूच्या वर्गातली औषधे याच प्रथिनाला चिकटून काम करतात. मेंदूत असे रिसेप्टर असल्याचे १९७३ साली तीन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले. बाल्टिमोरमध्ये कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर, न्यूयॉर्कमध्ये एरिक सायमन आणि स्वीडनमधल्या उप्सालात लार्स टेरेनियस यांचे ते काम होते. खसखशीच्या बोंडातल्या चिकासाठी माणसाच्या मेंदूने जागा राखून ठेवली असेल, हे संभवत नव्हते. म्हणजे शरीर स्वतःच तसा काही पदार्थ तयार करत असले पाहिजे. १९७५ मध्ये ॲबर्डीन येथे जॉन ह्यूजेस आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना डुकराच्या मेंदूत तो सापडला. त्याला एन्केफलिन हे नाव मिळाले. एंडॉर्फिन आणि डायनॉर्फिन हे त्याच कुळातले पदार्थ त्यानंतर हाती लागले.

या रिसेप्टरचे तीन मुख्य प्रकार ग्रीक अक्षरांनी ओळखले जातात. मॉर्फिन ज्यावर काम करते तो म्यू, केटोसायक्लाझोसिन या संयुगावरून ओळखला गेलेला तो कॅप्पा आणि उंदराच्या शुक्रवाहिनीवरच्या प्रयोगांत वेगळा दिसलेला तो डेल्टा. नॉसिसेप्टिन रिसेप्टर हा चौथा भाऊबंद १९९४ मध्ये सापडला. त्याची रचना या तिघांशी जुळते, पण मॉर्फिन त्याला जवळपास चिकटत नाही. एकेकाळी सिग्मा हाही याच यादीत होता. नॅलोक्सोनने त्याचे काम अडत नाही असे दिसल्यावर तो यादीतून वगळण्यात आला.

प्रकार बदलला की परिणामही बदलतो. म्यू रिसेप्टर उद्दीपित झाला की वेदना शमते आणि एक प्रकारचे सुख वाटते. त्याबरोबर श्वास मंदावतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, आतडे सुस्तावते आणि पुढे व्यसनही जडू शकते. कॅप्पामुळेही वेदना कमी होते, मात्र सुखाऐवजी अस्वस्थता येते, कधी भासही होतात. डेल्टाचा संबंध वेदनेशी आणि मनःस्थितीशी आहे, पण केवळ त्याच्यावर काम करणारे वेदनाशामक अजून नेहमीच्या वापरात आलेले नाही. म्हणून रुग्णालयातल्या ओपिऑइडची कहाणी ही मुख्यतः म्यूची कहाणी ठरते.

रिसेप्टरला औषध चिकटले की पेशीच्या आतल्या बाजूस जी-प्रथिन जागे होते आणि तीन गोष्टी घडतात. कॅल्शियमचे मार्ग आकसतात, त्यामुळे चेतापेशीच्या टोकातून संदेशवाहक रसायन कमी सुटते. पोटॅशियमचे मार्ग उघडतात, त्यामुळे पुढची पेशी सहजी उत्तेजित होत नाही. शिवाय सायक्लिक एएमपी या आतल्या निरोप्याची निर्मिती घटते. मज्जारज्जूत हे घडले की वेदनेचा संदेश मेंदूकडे जाण्याआधीच क्षीण होतो. मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांच्यामधल्या भागात, नेमके हेच घडले की श्वासाची लय क्षीण होते. रेणूच्या पातळीवर दोन्ही ठिकाणची क्रिया सारखीच आहे. फरक फक्त जागेचा.

या रिसेप्टरवर चालणारी औषधे ओळखताना दोन गुण वेगळे पाहावे लागतात. औषध रिसेप्टरला किती घट्ट चिकटते हा एक आणि चिकटल्यावर त्याला किती उद्दीपित करते हा दुसरा. मॉर्फिन, मेथाडोन आणि फेंटॅनिल हे उद्दीपक, म्हणजे ॲगोनिस्ट. त्यांचा डोस वाढवत गेले की परिणाम वाढतच जातो. फेंटॅनिल वजनाच्या हिशेबाने मॉर्फिनच्या सुमारे शंभर पट प्रभावी आहे, म्हणून त्याचा डोस मायक्रोग्रॅममध्ये मोजतात.

ब्युप्रेनॉर्फिन हे अंशतः उद्दीपक आहे. ते म्यूला अतिशय घट्ट चिकटते, पण त्याला पुरते जागे करत नाही. त्यामुळे एका मर्यादेनंतर डोस वाढवला तरी श्वास फारसा आणखी मंदावत नाही; दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असतील तर मात्र ही सुरक्षितता उरत नाही. हेरॉइन घेणाऱ्याला ब्युप्रेनॉर्फिन घाईने दिले तर ते हेरॉइनमधून तयार झालेल्या मॉर्फिनला रिसेप्टरवरून ढकलून देते आणि स्वतः अर्धेच काम करते. परिणामी त्या माणसाला थोड्याच वेळात तीव्र तलफेची लक्षणे सुरू होतात. म्हणून पहिली गोळी तलफ दिसू लागल्यावरच देतात. पेंटाझोसिन, ब्युटॉर्फॅनॉल आणि नालब्युफिन यांचा वर्ग मिश्र आहे: कॅप्पावर उद्दीपन आणि म्यूवर अडथळा किंवा अर्धवट उद्दीपन. नॅलोक्सोन व नाल्ट्रेक्सोन हे निव्वळ विरोधक, म्हणजे ॲन्टागोनिस्ट. ते जागा अडवतात आणि काहीच करत नाहीत. ज्याच्या शरीरात ओपिऑइड नाही, त्याला नॅलोक्सोन दिल्यावर सहसा काहीही जाणवत नाही.

श्वास का मंदावतो हे कळण्यासाठी आधी तो कसा चालतो ते पाहावे लागते. लंबमज्जेतला प्री-बॉटझिंगर नावाचा पेशींचा लहानसा पुंजका श्वासाची लय निर्माण करतो आणि त्याच्या थोडे वर असलेले पुंजके तिचा वेग सांभाळतात. दोन्हीकडच्या पेशींवर म्यू रिसेप्टर असतात. लय किती वेगाने चालावी हे मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड ठरवतो. धमनीतला त्याचा दाब साधारण ४० मिलिमीटर पारा असतो. तो १ मिलिमीटरने वाढला तरी निरोगी माणसाचे फुप्फुस मिनिटाला दोन-तीन लिटर जास्त हवा खेळवू लागते. ओपिऑइडमुळे हा प्रतिसाद बोथट होतो. दाब ५० किंवा ६० झाला तरी मेंदूला त्याची फिकीर वाटत नाही. आधी श्वासांची संख्या घटते, मग त्यांच्यात लांब विराम पडू लागतात. त्यातच जीभ व घशाचे स्नायू सैल पडून हवेची वाट अडते.

जागेपण आणि वेदना ही दोन्ही श्वासाला चालना देतात. म्हणून धोका रात्री, वेदना शमून झोप लागल्यावर वाढतो. वाढती गुंगी ही बहुधा पहिली खूण असते. श्वास मोजण्याआधी ती दिसते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवू शकतो. रुग्णाला नळीने ऑक्सिजन चालू असेल तर कार्बन डायऑक्साइड ७० पर्यंत चढला तरी यंत्रावर ९७ टक्केच दिसू शकतात. अशा वेळी पूर्ण मिनिटभर श्वास मोजणे आणि रुग्णाला हाक मारून पाहणे हेच खरे निरीक्षण.

औषध वारंवार मिळाले की पेशी त्याच्याशी जुळवून घेते. काही मिनिटांतच रिसेप्टरच्या आतल्या शेपटीवर फॉस्फेटचे गट जोडले जातात, त्यावर अरेस्टिन नावाचे प्रथिन येऊन बसते आणि रिसेप्टरचा जी-प्रथिनाशी संबंध तुटतो. काही रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जातात. काही परत पटलावर येतात, काही नष्ट होतात. दिवस-आठवड्यांच्या अवधीत दुसरा बदल घडतो: दडपलेल्या सायक्लिक एएमपीची भरपाई म्हणून पेशी ते बनवणारी यंत्रणाच जास्त जोमाने चालवू लागते. परिणामी तेवढ्याच आरामासाठी जास्त औषध लागते, आणि औषध एकाएकी बंद झाले तर तो साठलेला जोर उसळून वर येतो. घाम, नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, अंगावर काटा आणि तळमळ ही तलफेची लक्षणे त्यातूनच येतात.

श्वास मंदावण्याचा दोष याच अरेस्टिनकडे असेल, अशी एक आशा काही काळ होती. हे प्रथिन नसलेल्या उंदरांत मॉर्फिनचे वेदनाशमन टिकते पण श्वास कमी मंदावतो, असे सुरुवातीच्या प्रयोगांत दिसले होते. त्या आधारावर ओलिसेरिडीन हे औषध तयार झाले आणि २०२० मध्ये अमेरिकेत त्याला परवानगीही मिळाली. नंतरच्या प्रयोगशाळांना मात्र उंदरांमधला तो निष्कर्ष पुन्हा मिळाला नाही. श्वास मंदावतो तो बराचसा जी-प्रथिन आणि पोटॅशियमच्या मार्गानेच, म्हणजे वेदनाशमनाच्याच वाटेने, असे आता दिसते. ओलिसेरिडीनवरही श्वास मंदावण्याचा इशारा छापलेला असतो.

सहनशीलता सगळ्या परिणामांबाबत सारख्या वेगाने येत नाही, ही या विषयातली सर्वांत घातक गोष्ट. सुखाची भावना आणि वेदनाशमन लवकर ओसरतात. श्वासाबाबतची सहनशीलता मागून येते आणि अपुरी राहते. बद्धकोष्ठ आणि बारीक बाहुल्या जवळजवळ कायमच टिकतात, म्हणून मॉर्फिनबरोबर पहिल्या दिवसापासून रेचक द्यावे लागते. जो पहिल्याइतक्याच सुखासाठी डोस वाढवत नेतो, त्याच्या बाबतीत सुखाचा डोस आणि श्वास थांबवणारा डोस यांतले अंतर कमी कमी होत जाते.

हाडांत पसरलेल्या कर्करोगाचा एक रुग्ण उदाहरणादाखल घेता येईल. त्याला दर चार तासांनी १० मिलिग्रॅम मॉर्फिनची गोळी सुरू झाली, म्हणजे दिवसाला ६० मिलिग्रॅम. तीन महिन्यांत दुखणे वाढत गेले तसा डोस ४० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे दिवसाला २४० मिलिग्रॅमपर्यंत नेला. एवढ्या डोसवरही तो जागा असतो, बोलतो, त्याचा श्वास ठीक चालतो. कारण डोस हळूहळू चढला आणि वेदनाही श्वासाला चालना देत होती. मग किरणोपचाराने दुखणे उतरले आणि डॉक्टरांनी गोळ्या टप्प्याटप्प्याने कमी करून बंद केल्या. दोन-तीन आठवड्यांनी कळ पुन्हा आली आणि घरच्यांनी उरलेल्या पाकिटातली जुनी ४० मिलिग्रॅमची मात्रा दिली. मधल्या काळात सहनशीलता बरीचशी विरघळली होती. जो डोस महिनाभरापूर्वी नेहमीचा होता, तोच आता नवख्या माणसाला दिल्यासारखा झाला. तासाभरात रुग्ण पेंगू लागतो, हाकेला उशिरा ओ देतो, श्वास मिनिटाला सहावर येतात, बाहुल्या बारीक होतात. अशा खंडानंतर सुरुवात पुन्हा ५ ते १० मिलिग्रॅमपासूनच करावी लागते. तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत हेरॉइनचे मृत्यू वाढतात, त्यामागेही हेच कारण आहे.

रुग्णालयात आणल्यावर पहिले काम श्वासमार्ग मोकळा करून हवा देण्याचे. नॅलोक्सोन त्यानंतर. कर्करोगाच्या रुग्णाला त्याचे पूर्ण ०.४ मिलिग्रॅमचे इंजेक्शन एकदम दिले तर सगळे मॉर्फिन एका क्षणी दूर होऊन असह्य वेदना उसळतात. म्हणून ते पातळ करून ०.०४ मिलिग्रॅमच्या बेताने, दोन-तीन मिनिटांनी, श्वास पुरेसा होईपर्यंत देतात. रुग्णाला खडखडीत जागे करणे हे उद्दिष्ट नसते.

नॅलोक्सोनचा असर साधारण अर्धा ते दीड तास टिकतो, तर मॉर्फिनच्या साध्या गोळीचा चार तास. त्यामुळे रुग्ण उठून बोलू लागला तरी तासाभराने पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. हळूहळू विरघळणारी गोळी असेल तर हा धोका दिवसभर राहतो, मेथाडोन असेल तर त्याहूनही लांबतो. अशा वेळी ज्या डोसने रुग्ण शुद्धीवर आला त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश इतके नॅलोक्सोन दर तासाला शिरेतून चालू ठेवतात. ब्युप्रेनॉर्फिनच्या बाबतीत अडचण वेगळी आहे: ते रिसेप्टर लवकर सोडत नाही, म्हणून नॅलोक्सोन नेहमीपेक्षा जास्त लागते आणि त्याचा परिणामही उशिरा दिसतो.