तीन कर्णांची समीकरणे

तापलेल्या सळईवर हजार बिंदू घेतले, तर प्रत्येकाचे तापमान फक्त दोन्ही शेजाऱ्यांशी बांधलेले असते. म्हणून एका समीकरणात जास्तीत जास्त तीनच अज्ञाते येतात: स्वतःचा सहगुणक २, शेजाऱ्यांचे −१. वरून खाली येताना प्रत्येक ओळीतून एकच अज्ञात काढायचे, मग खालून वर जात उत्तरे भरायची. या थॉमस पद्धतीत सुमारे आठ हजार क्रिया पुरतात. सर्वसाधारण लोपपद्धतीला ६६ कोटींहून अधिक लागतात.

ओळींची अदलाबदल मात्र यात नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. सळईच्या बाबतीत कर्णावरचा भाजक २, ३/२, ४/३ असा उतरतो, पण १च्या खाली जात नाही. कारण कोणत्याही ओळीत कर्णाचा आकडा शेजारच्या आकड्यांच्या (चिन्हे सोडून केलेल्या) बेरजेपेक्षा लहान नाही आणि टोकांच्या ओळींत तर मोठाच आहे. सममित धन-निश्चित सारणीतही अदलाबदल लागत नाही.

याउलट तिन्ही कर्णांवर सगळीकडे १ असलेली तीन समीकरणे घ्यावीत. त्यांचे उत्तर एकमेव आहे, तरी दुसऱ्याच ओळीत भाजक शून्य होतो. शून्याऐवजी अगदी लहान आकडा आला, तर संगणक अडत नाही, मुकाट चुकीचे उत्तर देतो. ते मूळ समीकरणांत घातले की बहुधा तफावत दिसते. तेव्हा ओळी बदलाव्यात. त्याने एक कर्ण वाढतो, पण काम रेषीयच राहते.