बाटली प्यायल्यावर पाय का घसरतात?

टू-डी गेममधला एक योद्धा धावतोय. वाटेत त्याला एक बाटली मिळते आणि ती प्यायल्यावर दहा सेकंद त्याचा वेग दीडपट होतो. अशा तात्पुरत्या शक्तीला गेमच्या दुनियेत बफ म्हणतात. वेग वाढतोही, पण लगेच काहीतरी खटकायला लागतं. शरीर झपाट्याने पुढे चाललंय आणि पाय मात्र आधीच्याच लयीत पडताहेत. शेवाळलेल्या फरशीवरून पाय सटकावा तसा योद्धा जमिनीवरून सरकत जातो.

गेममध्ये पुढे सरकणं आणि पाय हलणं ही दोन वेगळी कामं असतात, म्हणून असं होतं. योद्ध्याची जागा कोडचा एक भाग बदलतो. त्याची चित्रं दुसराच भाग बदलतो. ही चित्रं, म्हणजे स्प्राइट, एका पट्टीवर ओळीने काढलेली असतात आणि ठरावीक गतीने एकामागून एक दाखवली जातात. बाटलीने पहिल्या भागाला सांगितलं, ‘वेग वाढव.’ दुसऱ्याला कुणी काही सांगितलंच नाही.

आकडे घेऊन पाहू. आपल्या योद्ध्याच्या धावण्याच्या पट्टीत 8 चित्रं आहेत आणि ती सेकंदाला 12 या गतीने बदलतात. योद्धा सेकंदाला 120 पिक्सेल पुढे जातो. म्हणजे एका चित्रामागे 10 पिक्सेल. चित्रकाराने हे गणित धरूनच पट्टी काढलेली असते. जमिनीवर टेकलेला पाय पुढच्या चित्रात शरीराच्या मानाने बरोबर 10 पिक्सेल मागे काढलेला असतो. शरीर 10 पुढे गेलं, पाय 10 मागे गेला, म्हणजे पाय जमिनीवर जिथल्या तिथे राहिला. डोळ्याला तो रोवलेला वाटतो. चार चित्रांनी दुसरा पाय टेकतो, म्हणून एक पाऊल 40 पिक्सेलचं.

आता बाटली प्यायली. वेग झाला 180, पण चित्रं अजून 12 च्याच गतीने बदलताहेत. एका चित्रामागे शरीर 15 पिक्सेल पुढे जातं आणि पाय मात्र 10 च मागे येतो. उरलेले 5 पिक्सेल पाय जमिनीवरून पुढे घसरतो. चार चित्रांत 20 पिक्सेल, म्हणजे मूळ पावलाच्या निम्मं अंतर निव्वळ घसरण्यात जातं. हे कुणाच्याही नजरेतून सुटत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळं जुळलेलं असतानाही स्प्राइटचा पाय पूर्ण स्थिर नसतोच. पडदा सेकंदाला 60 वेळा नव्याने रंगतो आणि प्रत्येक वेळी योद्धा 2 पिक्सेल सरकतो. चित्र मात्र पाच वेळा तेच राहतं आणि मग बदलतं. त्यामुळे पाय थोडा पुढे सरकतो आणि चित्र बदललं की परत जागेवर येतो. हे पुढे-मागे डोळा सहज माफ करतो. तो माफ करत नाही ते एकाच दिशेला साचत जाणारं घसरणं.

उपाय उघड आहे. वेग दीडपट झाला तर चित्रांची गतीही दीडपट करायची, 12 ची 18. गोडो या गेम इंजिनात यासाठी `speed_scale` नावाचा गुणक आहे. तो 1 असेल तर पट्टी मूळ गतीने चालते, 1.5 असेल तर दीडपट. म्हणून पुष्कळ जण पहिल्यांदा असं लिहितात:

```gdscript
func apply_haste():
    speed *= 1.5
    sprite.speed_scale *= 1.5
```

बाटलीचा परिणाम संपला की दोन्हींना 1.5 ने भागायचं. एका बाटलीपुरतं हे नीट चालतं, आणि म्हणूनच यातली चूक उशिरा सापडते.

समजा, पहिल्या बाटलीचा परिणाम संपायच्या आत खेळणाऱ्याने दुसरी प्यायली. गेमचा नियम असा की दुसऱ्या बाटलीने वेग आणखी वाढत नाही, फक्त दहा सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. वेगाच्या बाजूने हा नियम पाळला गेला, पण गुणकाची ओळ तशीच राहिली. ती दुसऱ्यांदा चालली आणि 1.5 चे 2.25 झाले. घड्याळ एकच, त्यामुळे वेळ संपल्यावर भागाकारही एकदाच होतो. वेग 120 वर परत येतो, गुणक 1.5 वर अडकून बसतो. आता योद्धा साध्या वेगाने चाललाय आणि पाय भराभर मागे पडताहेत. घसरणं उलट्या दिशेला असतं, आणि गुणक कुणी पुन्हा 1 केला नाही तर ते थांबत नाही. ओळखायची खूण हीच: दोष बफ संपल्यावरही टिकून राहत असेल, तर कुठेतरी गुणाकार आणि भागाकारांची संख्या जुळत नाहीये.

गोठवणाऱ्या मंत्राचा प्रकार याहून वाईट. मंत्र लागला की वेग शून्य, म्हणून गुणकालाही शून्याने गुणलं. मंत्र उतरल्यावर कशाने भागणार? शून्याने गुणलेला आकडा भागाकाराने परत मिळत नाही. योद्धा मोकळा होतो, चालायला लागतो, आणि पुतळ्यासारखा एकाच चित्रात सरकत राहतो.

तिसरा प्रकार बारीक आहे, पण मोठ्या गेममध्ये तोच जास्त छळतो. बाटलीने वेग 50 टक्के वाढतो, चिखलाने 50 टक्के घटतो. वेगाचे नियम ठरवणाऱ्याने टक्के बेरजेने धरले: अधिक 50, उणे 50, म्हणजे वेग मूळचाच. अ‍ॅनिमेशन लिहिणाऱ्याने मात्र दीड गुणिले अर्धा केलं आणि पाऊणपट आलं. दोघांचंही गणित आपापल्या जागी बरोबर, तरी चिखलात पाय घसरताहेत. मला वाटतं, मूळ दुखणं इथेच स्पष्ट दिसतं. एकच गोष्ट दोन ठिकाणी मोजली जातेय आणि ती कायम जुळत राहील अशी आशा धरली जातेय.

1991 साली मेगा ड्राइव्हवर आलेल्या ‘सॉनिक द हेजहॉग’मध्ये हे दुखणं मुळातच नव्हतं. त्यात वेगाचे बूट मिळतात. एरवी धावण्याची मर्यादा पडद्याच्या एका ठोक्याला 6 पिक्सेल, बूट घातल्यावर 12. पण पाय हलवणाऱ्या कोडला या बुटांची दखलच घ्यावी लागत नाही. ते फक्त सॉनिकचा आत्ताचा वेग पाहतं, तो 8 मधून वजा करतं आणि उरलेला आकडा शून्यापर्यंत मोजून झाला की पुढचं चित्र आणतं. वेग 3 असेल तर एक चित्र 6 ठोके टिकतं आणि तेवढ्यात सॉनिक 18 पिक्सेल जातो. वेग 4 असेल तर 5 ठोके, 20 पिक्सेल. वेग 5 असेल तर 4 ठोके, पुन्हा 20. भागाकार न करता निव्वळ वजाबाकीने चित्रामागचं अंतर जवळजवळ सारखं राखलंय. अगदी संथ चालीत हे जुळत नाही, पण सॉनिक संथ चालतो तरी किती वेळ?

आजच्या गेममध्ये भागाकाराची चिंता नाही. म्हणून गुणक साठवून न ठेवता दर वेळी नव्याने काढायचा:

```gdscript
var actual = get_real_velocity().length()
sprite.speed_scale = actual / BASE_SPEED
```

प्रत्यक्ष वेग भागिले पट्टीचा मूळ वेग, बस्स. बाटल्या किती, चिखल आहे की नाही, टक्के बेरजेने धरले की गुणाकाराने, याचं अ‍ॅनिमेशनला देणंघेणं उरत नाही. आधीचा गुणक किती होता हेही कुणी विचारत नाही, त्यामुळे जुनी चूक पुढच्या क्षणापर्यंत टिकतच नाही. `get_real_velocity()` घ्यायचं कारण असं की कोडने मागितलेला वेग आणि प्रत्यक्ष मिळालेला वेग नेहमी एक नसतात. योद्धा भिंतीला टेकून जोर लावत असेल तर मागितलेला वेग 180, मिळालेला शून्य. तेव्हा धावण्याऐवजी उभं राहण्याची किंवा ढकलण्याची पट्टी लावावी. आणि हा भागाकार केल्यावर बफचा दीडपट पुन्हा वेगळा लावायचा मोह टाळावा. प्रत्यक्ष वेगात तो आधीच आलेला असतो. पुन्हा लावला की 2.25 पट होतो.

या दोन ओळी धावण्याच्या पट्टीपुरत्याच ठेवायला हव्यात. `speed_scale` पूर्ण स्प्राइटला लागू होतो, म्हणजे तलवार चालवण्याच्या पट्टीलाही. ती 6 चित्रांची आणि 12 च्या गतीची असेल तर अर्ध्या सेकंदात संपते. गुणक 1.5 वर राहिला तर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शातच संपेल. चौथं चित्र आलं की शत्रूला इजा, असा नियम असेल तर पायांसाठीची बाटली हातांनाही लागली आणि लढाईचा तोल बिघडला. म्हणून हल्ला सुरू होताना गुणक 1 वर आणायचा. युनिटी वापरणाऱ्यांना यासाठी बरी सोय आहे. तिथे `Animator.speed` सगळ्यावर चालतो, पण प्रत्येक अवस्थेला स्वतंत्र `Multiplier` जोडता येतो. तो फक्त धावण्याला जोडावा.

जुळलंय की नाही, हे नुसतं खेळून पाहण्यापेक्षा मोजावं. जमिनीवर दर 40 पिक्सेलला उभी रेघ मारायची, `Engine.time_scale` 0.25 करून गेम चौपट संथ करायचा आणि योद्ध्याला धावू द्यायचं. प्रत्येक पाऊल रेघेपासून तेवढ्याच अंतरावर पडलं पाहिजे, बाटली पिण्याआधी, पिताना आणि नंतरही. पावलं रेघेपासून पुढे पुढे जायला लागली तर चित्रं संथ आहेत, मागे मागे राहिली तर घाईत आहेत.

मात्र गुणकाला मर्यादा आहे. 0.4 वर पट्टी सेकंदाला जेमतेम पाच चित्रं दाखवते आणि धावण्याचा स्लाइड शो होतो. 2.5 वर पाय जुळलेले असतात, पण फडफडताना दिसतात. माणूस दुप्पट वेगाने पळताना पावलं नुसती लवकर टाकत नाही, लांबही टाकतो. आठ चित्रांच्या पट्टीला पाऊल लांबवता येत नाही. माझ्या मते साधारण 0.6 ते 1.8 च्या बाहेर गुणक जाऊ देऊ नये, तिथे दुसरी पट्टी लावावी. सॉनिकही 6 चा वेग गाठला की चालण्याची पट्टी सोडून धावण्याची घेतो.

दुसरी पट्टी आली की `BASE_SPEED` चा अर्थ नीट धरावा लागतो. तो योद्ध्याचा नसतो, पट्टीचा असतो. 60 पिक्सेलच्या पावलाची जोरदार धाव काढली, तीही 8 चित्रांची आणि 12 च्या गतीची, तर तिचा मूळ वेग 180. आपला बाटली प्यायलेला योद्धा या पट्टीवर गुणक 1 नेच धावेल. त्याच्या कोडमध्ये जुने 120 राहिले तर हीच नवी पट्टी दीडपट घाईने चालेल आणि पाय पुन्हा घसरतील. म्हणून चित्रकाराकडून पट्टी घेतानाच एका पावलाचं अंतर विचारून घ्यावं आणि ते फाइलच्या नावातच लिहावं: `run_40px`, `sprint_60px`.