चिठ्ठी कोणाला कोणती निघेल

ओपीडीबाहेरच्या बाकावर बसलेल्या मावशींना मी सहज विचारलं, "मावशी, आत्ता कशावर सही केलीत?"

"चाचणीवर."

"कसली चाचणी?"

"साखरेची. रक्त नाही का घेतलं आत्ता!"

मावशींनी सही केलेला कागद सोळा पानांचा होता आणि तो मधुमेहाच्या एका नव्या गोळीच्या क्लिनिकल ट्रायलचा होता. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'वैद्यकीय चाचणीत सहभागी होण्यासाठी माहितीपत्रक व संमतीपत्र' असं छापलेलं होतं. कोशाप्रमाणे त्यात चूक काही नाही. पण मावशींच्या आयुष्यात चाचणी म्हणजे रक्ताची, लघवीची, थुंकीची, नाहीतर नातवाची घटक चाचणी. चाचणीत तपासला जातो तो माणूस. इथे तपासलं जाणार होतं ते औषध, आणि ही एवढी उलटापालट त्या एका शब्दाने झाकून टाकली होती. ते भाषांतर माझंच होतं.

या कामात बरीच वर्षं गेल्यावर मला असं वाटतं, की संमतीपत्राचं मराठी अवघड होतं ते भाषांतरकाराला सोपं लिहिता येत नाही म्हणून नव्हे, तर ते तपासण्याची पद्धतच अवघड मराठीच्या बाजूची आहे म्हणून. ती पद्धत आधी सांगते.

आपल्याकडे औषधांच्या ट्रायलसाठी २०१९ चे केंद्र सरकारचे नियम आहेत. सहभागी व्यक्तीला माहिती तांत्रिक नसलेल्या आणि तिला समजेल अशा भाषेत दिली पाहिजे, असं ते सांगतात. मूळ मसुदा बहुतेक वेळा कंपनीकडून इंग्रजीत येतो. एक जण त्याचं मराठी करतो. मग ते मराठी दुसऱ्या भाषांतरकाराकडे जातं. त्याला मूळ इंग्रजी दाखवत नाहीत. तो मराठीवरून पुन्हा इंग्रजी करतो. याला आम्ही बॅक ट्रान्सलेशन म्हणतो. हे इंग्रजी मुळाशी ताडून पाहतात, फरक दिसला तर शंका काढतात, आणि सगळं जुळलं की दोन्ही भाषांतरांची प्रमाणपत्रं जोडून फाइल रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीपुढे जाते. ऐकायला चोख व्यवस्था आहे. फक्त या साखळीत मावशी कुठेच नाहीत.

याचा परिणाम काय होतो, तो त्या मधुमेहाच्या कागदातल्या एका परिच्छेदावरून पाहू. ट्रायल अशी होती: मेटफॉर्मिन चालू असलेल्या लोकांपैकी काहींना त्याच्या जोडीला नवी गोळी द्यायची आणि काहींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. नवी गोळी दोघांना, तर प्लासिबो एकाला, असं प्रमाण. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नसणार आणि डॉक्टरलाही. मुदत २४ आठवडे. पहिल्या खेपेचं माझं मराठी असं होतं:

"आपणांस २:१ या प्रमाणातील यादृच्छिकीकरणाद्वारे अभ्यास-औषध अथवा प्लासिबो या गटांत नियुक्त करण्यात येईल. हा अभ्यास द्वि-अंध स्वरूपाचा असल्याने आपणांस प्राप्त होणाऱ्या उपचाराबाबत आपण अथवा अन्वेषक अनभिज्ञ असाल."

बॅक ट्रान्सलेशन अक्षरशः मुळाबरहुकूम आलं. येणारच. 'यादृच्छिकीकरण' हा शब्द इंग्रजी शब्दाच्या मापानेच शिवलेला, त्यामुळे तो उलटा केला की दुसरं काही निघूच शकत नाही. कमिटीनेही शंका काढली नाही. पुढे एका काकांनी मात्र काढली. 'द्वि-अंध' शब्दावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ताई, याने दोन्ही डोळे जातात का?" शुगरने डोळ्यांवर परिणाम होतो हे त्यांना डॉक्टरांनीच सांगितलं होतं. भीती अगदी रास्त होती.

नंतरच्या एका ट्रायलमध्ये मी 'यादृच्छिकीकरण' काढून 'चिठ्ठ्या टाकून' लिहिलं. बॅक ट्रान्सलेशनमध्ये त्याचं 'लॉटरी' झालं आणि कंपनीकडून शंका आली: ट्रायलमध्ये बक्षीस आहे असं सुचवलं जातंय का? मी चिडले. पण शंका अगदीच पोकळ नव्हती. सोडत म्हटलं की आपल्याकडे म्हाडाचं घर आठवतं. ज्याचं नाव निघालं तो जिंकला, बाकीचे हरले. तसं वाचलं, तर नवी गोळी मिळणारा नशीबवान ठरतो, आणि ती गोळी चांगली आहे की नाही हे तर अजून कोणालाच माहीत नाही. नुसती 'चिठ्ठी' ठेवली तर आणखी एक घोळ. महिला मंडळातल्या एका बाईंनी मला तो समजावला. भिशीत चिठ्ठी निघते, पण आज ना उद्या प्रत्येकीची निघतेच. त्यामुळे आत्ता औषध नसलेली गोळी आली तरी पुढच्या महिन्यात आपला नंबर लागेल, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. नाणेफेक म्हणावं, तर ती निम्मी-निम्मी संधी सांगते, दोनास एक नाही.

शेवटी एका शब्दाचा नाद सोडला आणि वाक्यं वाढवली:

"या ट्रायलमधल्या साधारण दर ३ जणांपैकी २ जणांना नवी गोळी मिळेल आणि १ जणाला औषध नसलेली गोळी मिळेल. दोन्ही गोळ्या दिसायला सारख्याच आहेत. कोणाला कोणती द्यायची हे डॉक्टर ठरवत नाहीत. डोळे मिटून चिठ्ठी उचलावी तसं ते कॉम्प्युटर ठरवतो. तुम्हाला जी गोळी मिळेल तीच २४ आठवडे चालेल, मध्ये बदलणार नाही. ती कोणती आहे हे तुम्हालाही माहीत नसेल आणि डॉक्टरांनाही. तुम्हाला काही गंभीर त्रास झाला आणि उपचारांसाठी गरज पडली, तर मात्र डॉक्टर ते लगेच शोधून काढू शकतात. तुमची आधीची मेटफॉर्मिनची गोळी चालूच राहील."

दोन वाक्यांची आठ झाली. सोपं म्हणजे थोडक्यात, हा एक गोड गैरसमज आहे. 'मध्ये बदलणार नाही' हे भिशीमुळे आलं. मूळ इंग्रजीत ते नव्हतं, कारण इंग्रजी लिहिणाऱ्याला भिशी ठाऊक असण्याचं कारण नाही. अशी भर घालायची तर कंपनीला कारण लिहून कळवावं लागतं आणि कमिटीची मंजुरी लागते. बॅक ट्रान्सलेशनमध्ये फरक दिसणारच. तो चूक म्हणून न खोडता, त्याचं कारण वाचणारा कोणीतरी त्या टोकाला बसलेला असावा लागतो.

अवघड शब्दांपेक्षा मला आता सोप्या शब्दांची जास्त धास्ती वाटते. अवघड शब्दाशी माणूस निदान अडखळतो, विचारतो. सोपा शब्द भलताच अर्थ देऊन गुपचूप पुढे जातो. दुष्परिणामांच्या यादीत 'सामान्य दुष्परिणाम' असा मथळा असतो. औषधशास्त्रात त्याचा अर्थ ठरलेला आहे: १०० जणांपैकी १ ते १० जणांना होणारा त्रास. किती जणांना, एवढंच तो सांगतो. त्रास किती मोठा, हे सांगत नाही. मराठीत 'सामान्य' म्हणजे किरकोळ. त्या मथळ्याखाली साखर एकदम उतरून चक्कर येणं लिहिलेलं असलं, तरी वाचणारा म्हणतो, सामान्य आहे, चालायचंच. आता मी मथळाच काढते आणि 'हा त्रास १०० पैकी १ ते १० जणांना होतो' असं लिहून, खाली तो झाला तर काय करायचं ते देते.

'परिणाम'ही तसाच. प्लासिबोला औषधी परिणाम नाही हे लिहून सांगावं, असं नियमच म्हणतात. "या गोळीचा कोणताही परिणाम होणार नाही" असं लिहिलं, की वाचणारा निश्चिंत होतो, कारण 'परिणाम झाला' हे आपण बहुधा वाईटच अर्थाने बोलतो. "या गोळीत औषध नाही. तिने तुमची साखर कमी होणार नाही," असं लिहिलं की तो सावरून बसतो.

'नवीन' तर फारच चकवा देतो. नवं म्हणजे जास्त पॉवरचं, अशी आपली समजूत. गोवराची लस सुईऐवजी श्वासावाटे फवाऱ्याने देता येईल का, हे पाहणारी एक ट्रायल पुणे जिल्ह्यातल्या गावांमध्ये झाली. सुमारे २,००० बाळं त्यात होती. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. फवारा घेतलेल्या १०० बाळांपैकी साधारण ८५ जणांच्या रक्तात गोवराविरुद्धची प्रतिकारशक्ती दिसली, सुई घेतलेल्यांपैकी साधारण ९५ जणांच्या. न टोचता दिलेली नवी लस जुन्या सुईपेक्षा उणी ठरली. ट्रायल करायची ती हेच कळावं म्हणून. रुग्णालयात मिळतंय ते आपल्या भल्यासाठीच ठरवलेलं असणार, या समजुतीला संशोधकांनी १९८० च्या दशकातच नाव दिलं आहे. माझ्या अनुभवात नुसत्या शब्दबदलाने ती हटत नाही. म्हणून 'चाचणी'च्या जागी आता मी 'ट्रायल' लिहिते, कारण 'ट्रायल घेऊन बघू' असं शिंपीसुद्धा म्हणतो. पण त्याआधी चार साधी वाक्यं टाकते: ही गोळी अजून बाजारात आलेली नाही. तिचा उपयोग किती आणि त्रास किती, हे पक्कं माहीत नाही. ते कळावं म्हणून ती काही लोकांना देऊन पाहणार आहोत. तुम्ही त्यांच्यातले एक व्हाल का, हे विचारत आहोत.

कागद समजला की नाही हे कसं ओळखायचं? "समजलं का?" विचारून तर नक्कीच नाही. पांढऱ्या कोटासमोर सगळे मान डोलावतात. कमिटीकडे जाण्याआधी मी मसुदा पाच-सहा जणांना मोठ्याने वाचून दाखवते. ट्रायलशी त्यांचा संबंध नसतो. कोणी रिक्षा चालवतं, कोणी पोळ्या करून देतं. मोठ्याने अशासाठी, की ज्यांना वाचता येत नाही त्यांना हा कागद एका तटस्थ साक्षीदारासमोर वाचूनच दाखवायचा असतो. जिथे वाचताना माझा श्वास संपतो, तिथे वाक्य तोडायचं. वाचून झालं की म्हणायचं, "आता घरी गेल्यावर नवऱ्याला हे कसं सांगाल, तसं मला सांगा." या एका प्रश्नावर जेवढं उघडं पडतं तेवढं दहा प्रमाणपत्रांनी पडत नाही. एक जण म्हणाली, "सारखं सारखं रक्त काढून घेणार." कागदावर 'प्रत्येक भेटीत १० मिली' होतं. त्याचं 'दर वेळी दोन लहान चमचे, सातही वेळचं मिळून ७० मिली, म्हणजे एक कटिंग चहा' असं झालं. ती हसली, म्हणाली, "एवढंच?"

नवी प्रत वाचून दाखवली, तेव्हा पोळ्या करणाऱ्या ताईंनी सगळं बरोबर सांगितलं: तिघांत दोघांना, कॉम्प्युटर ठरवणार, मध्ये बदलणार नाही. मग त्यांनी विचारलं, "सहा महिने मी कोणती गोळी खाल्ली, ते शेवटी मला सांगणार का?"

मी मराठी चाळलं, मग इंग्रजी चाळलं. सोळा पानांत त्याचं उत्तर कुठेच नव्हतं. प्रश्न इंग्रजीत लिहून कंपनीला पाठवला. तीन आठवड्यांनी मूळ मसुद्याची नवी आवृत्ती आली. त्यात एक वाक्य वाढलं होतं: सगळ्यांची ट्रायल संपून निकाल लागल्यावर, विचारलंत तर तुमची गोळी कोणती होती ते तुम्हाला सांगण्यात येईल. त्यातलं 'विचारलंत तर' मी मराठीत ठळक केलं.