स्पाइनला सर्व्हर ठाऊक नसतात

नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटर या मोठ्या रुग्णालयाचं कॉम्प्युटर नेटवर्क कोलमडलं आणि ते पूर्ववत व्हायला काही दिवस लागले. तोवर सगळा कारभार कागदावर आला. कोणी हल्ला केला नव्हता. स्विचला स्विच जोडत नेटवर्क इतकं पसरलं होतं की डेटा गोल फिरू नये म्हणून काही वाटा मुद्दाम बंद ठेवणारी ‘स्पॅनिंग ट्री’ ही व्यवस्थाच गडबडली, आणि तोच डेटा पुन्हा पुन्हा फिरत राहिला.

तो प्रश्न एका रुग्णालयापुरता नव्हता. इथरनेटच्या फ्रेमवर ‘इतक्या टप्प्यांनंतर मला टाकून द्या’ अशी काही नोंद नसते. दोन स्विचमध्ये दोन वाटा खुल्या राहिल्या, तर फ्रेम अनंत काळ फिरू शकते. म्हणून स्पॅनिंग ट्री एक वाट चालू ठेवते आणि दुसरी बंद करते. पैसे दोन केबलचे मोजायचे आणि वापरायची एकच. डेटा सेंटरमध्ये हे फार महाग पडतं, कारण तिथली बरीचशी वाहतूक बाहेर न जाता एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे चाललेली असते.

स्पाइन-लीफ रचनेत हा पेच मुळातूनच सुटतो. रॅकमधले सर्व्हर ज्या स्विचला जोडलेले असतात तो लीफ. प्रत्येक लीफ प्रत्येक स्पाइनला जोडलेला, पण स्पाइन एकमेकांना जोडलेले नाहीत. कुठल्याही रॅकमधून दुसऱ्या रॅकमध्ये जायचं तर वाट ठरलेली: लीफ, स्पाइन, लीफ. या मांडणीचं गणित बेल लॅब्जच्या चार्ल्स क्लॉस यांनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलं होतं.

समजा, एका लीफला २५ गिगाबिटची ४८ पोर्ट सर्व्हरसाठी आहेत आणि वर चार स्पाइनकडे १०० गिगाबिटची प्रत्येकी एक केबल जाते. खाली १२०० गिगाबिट, वर ४००. म्हणजे प्रमाण तीनास एक. सगळे सर्व्हर एकाच वेळी पूर्ण वेगानं बाहेर बोलू लागले तर गर्दी होईल, पण सहसा तसं घडत नाही आणि हा धोका हिशेब करून पत्करलेला असतो. गर्दी वाढलीच तर आणखी स्पाइन लावायचे. एक स्पाइन बंद पडला तर क्षमता पाव भागानं घटते आणि काम चालू राहतं.

इथे लीफ आणि स्पाइन यांच्यातली प्रत्येक केबल आयपी राउटिंगवर चालते. आयपी पॅकेटवर टप्प्यांची मर्यादा लिहिलेली असते, त्यामुळे चुकून फेरा तयार झाला तरी पॅकेट काही टप्प्यांनी मरतं. एकही वाट बंद ठेवावी लागत नाही. चारही स्पाइनवर वाहतूक वाटली जाते.

किंमत मात्र मोजावी लागते. राउटिंग आलं की प्रत्येक रॅक हे वेगळं आयपी नेटवर्क होतं. तिसऱ्या रॅकमधलं व्हर्च्युअल मशीन चालू स्थितीत सतराव्या रॅकमध्ये हलवलं, तर त्याचा आयपी पत्ता तिथे लागू पडत नाही. पत्ता बदलायचा म्हणजे त्यावर अवलंबून असलेलं सगळं तोडायचं. दोन्ही रॅकमध्ये एकच नेटवर्क आहे असं मशीनला वाटत राहावं, यासाठी व्हीएक्सलॅन लागतं. ते २०१४ मध्ये आरएफसी ७३४८ म्हणून प्रसिद्ध झालं.

एका फ्रेमचा प्रवास पाहू. तिसऱ्या रॅकमधलं मशीन `10.1.20.11` सतराव्या रॅकमधल्या `10.1.20.45` ला काही पाठवतं. त्याच्या समजुतीप्रमाणे दोघं शेजारी आहेत, म्हणून ते साधी इथरनेट फ्रेम सोडतं. तिसरा लीफ ती फ्रेम जशीच्या तशी एका नव्या लिफाफ्यात घालतो. लिफाफ्यावर पाठवणारा `10.255.0.3` म्हणजे तो स्वतः, आणि घेणारा `10.255.0.17` म्हणजे सतरावा लीफ. आत नेटवर्कचा क्रमांक असतो, समजा 10020. जुन्या व्हीलॅनच्या क्रमांकाला १२ बिट होते, त्यामुळे जेमतेम चार हजार नेटवर्क बनत. इथे २४ बिट आहेत, म्हणजे एक कोटी साठ लाखांहून जास्त. शेकडो ग्राहकांची नेटवर्क एकमेकांपासून वेगळी ठेवणाऱ्या क्लाउड कंपनीला हा फरक लगेच जाणवतो.

स्पाइन फक्त लिफाफ्यावरचा पत्ता वाचतो. त्याला लीफ माहीत असतात, त्यांच्यामागची हजारो मशीन नाहीत. या रचनेचं खरं बळ इथेच आहे: मशीन कितीही येवोत-जावोत, मधल्या स्विचचे तक्ते लहानच राहतात. लिफाफा यूडीपीचा असतो आणि पोचायचं पोर्ट ४७८९. निघण्याचं पोर्ट मात्र आतल्या फ्रेमवरून काढलेलं असतं. त्यामुळे वेगवेगळे संवाद वेगवेगळ्या स्पाइनवर पडतात आणि एकाच संवादातली पॅकेट एका वाटेनं, क्रमानं जातात.

पण `10.1.20.45` सतराव्या लीफमागे आहे, हे तिसऱ्या लीफला कोणी सांगितलं? सुरुवातीच्या व्हीएक्सलॅनमध्ये ओरडून विचारावं लागे: सगळ्या लीफना पाठवा, उत्तर येईल तिथे नोंद करा. ईव्हीपीएननं ही पद्धत बदलली. मशीन दिसताच सतरावा लीफ बीजीपीमधून जाहीर करतो. इंटरनेटवरचे मोठे नेटवर्क एकमेकांना मार्ग सांगायला वापरतात, तोच हा प्रोटोकॉल. थोडक्यात ती घोषणा अशी दिसते:

```
[2]:[0]:[48]:[52:54:00:6a:1b:45]:[32]:[10.1.20.45]
next-hop 10.255.0.17   VNI 10020
```

सुरुवातीचा 2 हा घोषणेचा प्रकार. पुढे मशीनचा मॅक पत्ता, आयपी पत्ता, आणि खाली ते कोणाच्या मागे आहे. मशीन नवव्या रॅकमध्ये गेलं की नववा लीफ तीच घोषणा वाढीव क्रमांकासह करतो. मोठा क्रमांक खरा धरला जातो आणि सतरावा लीफ आपला दावा मागे घेतो. एकच मॅक पत्ता चुकून दोन ठिकाणी असेल तर दोघं क्रमांक वाढवतच बसतील. म्हणून मानकातली मूळ मर्यादा अशी: १८० सेकंदांत पाच हालचाली झाल्या की तो पत्ता दुहेरी समजायचा आणि इशारा द्यायचा.

नव्या बांधणीत सर्वांत छळणारी चूक याहून साधी असते. बाहेरच्या लिफाफ्याचं वजन ५० बाइट: इथरनेट १४, आयपी २०, यूडीपी ८, व्हीएक्सलॅन ८. मशीन नेहमीप्रमाणे १५०० बाइटचं पॅकेट पाठवतं. त्याच्या आतल्या इथरनेटसह लिफाफा बंद झाला की आयपी पॅकेट १५५० बाइटचं होतं. मधल्या एखाद्या केबलची मर्यादा १५०० वरच राहिली असेल, तर ते तिथेच गळून पडतं. लक्षणं गोंधळात टाकणारी असतात. पिंग चालतो, लॉगिनही होतं, पण मोठी फाइल पाठवली की सगळं गोठतं. दोष नेटवर्कचा असूनही पहिला संशय अॅप्लिकेशनवर जातो. लिनक्स मशीनवरून तो असा पकडता येतो:

```
ping -M do -s 1422 10.1.20.45
ping -M do -s 1423 10.1.20.45
```

`-M do` म्हणजे पॅकेटचे तुकडे करू नका. पिंगची शीर्षकं २८ बाइटची, म्हणून १४२२ चं पॅकेट १४५० चं होतं आणि लिफाफ्यासह बरोबर १५०० मध्ये बसतं. पहिला पिंग पोचला आणि दुसरा हरवला, तर गुन्हेगार सापडला. चार स्पाइनपैकी एकाचीच केबल चुकली असेल तर काही संवाद बिघडतात आणि काही सुरळीत चालतात, म्हणून एकाच मशीनवरून तपासून भागत नाही. प्रत्येक लीफवरून प्रत्येक स्पाइनच्या केबलवर मोठ्या पॅकेटनं पिंग करून पाहावा लागतो. अनेक ठिकाणी लीफ-स्पाइन केबलची मर्यादा सुरुवातीलाच ९२१६ बाइट ठेवतात आणि ही तपासणी रॅकमध्ये पहिला सर्व्हर बसण्याआधी उरकतात.