साठ फेऱ्यांचा हिशेब

पिठाच्या गिरणीवर बसवलेली पाच एचपीची थ्री-फेज स्क्विरल केज मोटर घेऊ. नेमप्लेटवर लिहिले आहे: ३.७ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, १४४० आरपीएम. पोल किती हे तिथे लिहिलेले नसले, तरी १४४० या आकड्यावरून ते कळते. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर दोन पोलचे चुंबकीय क्षेत्र मिनिटाला ३००० फेऱ्या मारते, चार पोलचे १५००, सहा पोलचे १०००. १४४० च्या लगेच वरचा आकडा १५००, म्हणजे मोटर चार पोलची. स्टेटरने तयार केलेले क्षेत्र १५०० ने फिरते आणि रोटर त्याच्या मागे १४४० ने. मधल्या ६० फेऱ्यांचे प्रमाण म्हणजे स्लिप.

s = (Ns − N) / Ns = (१५०० − १४४०) / १५०० = ०.०४, म्हणजे ४ टक्के.

भागाकार १५०० ने करायचा, १४४० ने नाही. आणि पुढच्या प्रत्येक सूत्रात ०.०४ ठेवायचे, ४ नाही. परीक्षेत या दोन जागी जितके गुण जातात, तितके अवघड सूत्रांत जात नाहीत.

या ६० फेऱ्या वाया गेलेल्या नाहीत. रोटरच्या बारना बाहेरून कुठलीच तार जोडलेली नसते. त्यांच्यात करंट येतो तो फक्त फिरते क्षेत्र त्यांना कापून पुढे जाते म्हणून. रोटर समजा बरोबर १५०० ने फिरू लागला, तर क्षेत्र आणि बार बरोबरीने धावतील. कापणे थांबेल, बारमधला ईएमएफ शून्य होईल, करंट शून्य होईल आणि टॉर्कही शून्य होईल. मग बेअरिंगचे घर्षण आणि पंख्याला होणारा हवेचा विरोध रोटरला मागे खेचतील. तो थोडा मागे पडला, की कापणे पुन्हा सुरू. म्हणून मोकळी फिरणारी मोटरसुद्धा १५०० ला पोचत नाही, १४९० च्या आसपास स्थिरावते.

आता गिरणीत धान्य सोडा. जात्याचा विरोध वाढतो आणि त्या क्षणी मोटरचा टॉर्क त्याला पुरत नाही. वेग किंचित उतरतो. वेग उतरला म्हणजे स्लिप वाढली. बार जास्त जोराने कापले जातात, करंट वाढतो, टॉर्क वाढतो. हा टॉर्क जात्याच्या विरोधाएवढा झाला, की उतरणे थांबते. कोणी बटण फिरवलेले नसते. मोटर आपला वेग एवढाच कमी करते, की लागणारा टॉर्क तयार व्हावा. पूर्ण लोडवर हा तोल आपल्या मोटरमध्ये १४४० ला साधतो. नेमप्लेटवरचा वेग हा मोटरचा कायमचा वेग नव्हे, तो पूर्ण लोडवरच्या तोलाचा वेग आहे.

टॉर्क किती, हे शाफ्टवरच्या पॉवरवरून काढता येते. १४४० आरपीएम म्हणजे सेकंदाला १५०.८ रेडियन.

T = P / ω = ३७०० / १५०.८ = २४.५ न्यूटन-मीटर

हाच टॉर्क एअर गॅपमधून रोटरवर येतो, पण तो आणणारे क्षेत्र १५०० ने, म्हणजे १५७.१ रेडियन प्रति सेकंदाने फिरत असते. त्यामुळे एअर गॅप ओलांडून आलेली पॉवर २४.५४ × १५७.१, म्हणजे सुमारे ३८५४ वॅट होते. घर्षण सोडून दिले, तर त्यातले ३७०० वॅट शाफ्टवर निघाले. उरलेले १५४ वॅट रोटरचे बार तापवण्यात गेले. १५४ ला ३८५४ ने भागून पाहा, ०.०४ येते. हा योगायोग नाही. रोटर कॉपर लॉस नेहमी स्लिप गुणिले एअर गॅप पॉवर एवढाच असतो. टॅकोमीटरवर वेग वाचला, की रोटरकडे आलेल्या पॉवरचा किती भाग उष्णता झाला हे लगेच सांगता येते.

आता टॉर्क आणि स्लिप यांचे पूर्ण नाते पाहू. स्टेटरमधला व्होल्टेज ड्रॉप दुर्लक्षित केला तर

T = K · s · E² · R / (R² + (sX)²)

इथे R म्हणजे रोटरचा रेझिस्टन्स, X म्हणजे रोटर थांबलेला असतानाचा त्याचा रिअॅक्टन्स आणि E म्हणजे त्याच वेळचा ईएमएफ. E पुरवठ्याच्या व्होल्टेजबरोबर कमीजास्त होतो. X च्या मागे s का लागते, तर रोटरमधल्या करंटची फ्रिक्वेन्सी s × ५० असते. रोटर उभा असताना ती ५० हर्ट्झ असते, १४४० ला फक्त २ हर्ट्झ. फ्रिक्वेन्सी उतरली की रिअॅक्टन्सही तेवढाच उतरतो. आपल्या मोटरमध्ये R हा X च्या एक पंचमांश आहे असे धरू, म्हणजे R = ०.२ आणि X = १. स्लिप ०.०४ असताना sX होते ०.०४, ते R पुढे नगण्य. छेदात फक्त R² उरतो आणि टॉर्क सरळ s च्या प्रमाणात वाढतो. मोटर रोज काम करते ती याच सरळ तुकड्यावर.

सूत्रातला E² गिरणीवाल्याच्या रोजच्या अनुभवाचा आहे. संध्याकाळी व्होल्टेज ४१५ वरून ३५० ला आले असे समजा. (३५०/४१५)² म्हणजे ०.७१. त्याच स्लिपला टॉर्क २९ टक्क्यांनी घटला, पण जात्याला तर तेवढाच टॉर्क हवा. मग स्लिप वाढणार. सरळ प्रमाणाने ती ०.०४ / ०.७१, म्हणजे ५.६ टक्के येते. पूर्ण सूत्राने सुमारे ५.९, कारण आलेख इथे वाकायला लागलेला असतो. वेग १४१२ च्या आसपास येतो. १४४० आणि १४१२ मधला फरक पिठाकडे पाहून कळणार नाही. रोटरला मात्र तो कळतो: ०.०५९ × ३८५४ म्हणजे २२७ वॅट. १५४ च्या जवळजवळ दीडपट उष्णता, आणि तीही थंड करणारा पंखा जरा हळू फिरत असताना. कमी व्होल्टेजवर मोटर जळते ती अशी.

म्हणून वेग उतरलेला दिसला, तर व्होल्टेज मोटरच्या टर्मिनलवर, दळण चालू असताना मोजावे. मोकळ्या मोटरवर मोजलेले व्होल्टेज फसवते, कारण लांब वायरमधला ड्रॉप करंट वाढल्यावरच दिसतो. व्होल्टेज पूर्ण असेल आणि करंट नेमप्लेटपेक्षा जास्त असेल, तर आधी लोड तपासावा. व्होल्टेज आणि लोड दोन्ही ठीक असून वेग कमी असेल, तर रोटरवर संशय घ्यावा. बार तडकला किंवा एंड रिंगचा जोड सैल झाला, की R वाढतो आणि तेवढ्याच टॉर्कसाठी स्लिप वाढवावी लागते.

मोटर सुरू करताना काय होते, हा या विषयाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. रोटर उभा आहे, s = १. कापण्याचा वेग पूर्ण लोडच्या पंचवीसपट, ईएमएफही पंचवीसपट. मग टॉर्कही प्रचंड असायला हवा, असे कुणालाही वाटेल. आकडे घालून पाहू.

s = ०.०४ ला: ०.०४ × ०.२ / (०.०४ + ०.००१६) = ०.१९२
s = १ ला: १ × ०.२ / (०.०४ + १) = ०.१९२

टॉर्क तोच, २४.५ न्यूटन-मीटर. रोटरचा करंट मात्र तोच नाही. करंट s / √(R² + (sX)²) च्या प्रमाणात असतो. पूर्ण लोडवर तो ०.१९६ येतो आणि सुरुवातीला ०.९८, म्हणजे पाचपट. पाचपट करंट घेऊन मोटर जेमतेम पूर्ण लोडएवढा टॉर्क देते.

बाकीचा करंट जातो कुठे? तो उशिरा येतो. ५० हर्ट्झला रोटरचा रिअॅक्टन्स रेझिस्टन्सच्या पाचपट असल्याने करंट ईएमएफच्या जवळजवळ ७९ अंश मागे पडतो. बारमधला करंट कमाल होईपर्यंत क्षेत्राचा दाट भाग त्या बारवरून पुढे निघून गेलेला असतो. टॉर्क करंट आणि क्षेत्र यांच्या एकत्र येण्यातून निर्माण होतो, आणि इथे ती दोन्ही एकाच वेळी एका जागी नसतात. रोटरचा पॉवर फॅक्टर पूर्ण लोडवर ०.९८ आणि सुरुवातीला ०.१९६. पाचपट करंट, एक पंचमांश पॉवर फॅक्टर: गुणाकार पुन्हा एकावर.

मधे कुठेतरी टॉर्क कमाल होतो. ती जागा sX = R ची, म्हणजे आपल्या मोटरमध्ये s = ०.२, वेग १२००. तिथे टॉर्क पूर्ण लोडच्या २.६ पट आहे. लोड त्याच्याही पुढे गेला, तर वेग उतरतो, पण टॉर्क वाढण्याऐवजी घटतो आणि मोटर थांबते. ३५० व्होल्टला तर सुरुवातीचा टॉर्कही २४.५ वरून १७.५ वर येतो. दगडांमध्ये धान्य अडकलेले असेल, तर मोटर नुसती गुणगुणत उभी राहील आणि चौपटीहून जास्त करंट घेत राहील. म्हणून दगड मोकळे ठेवून मोटर सुरू करायची आणि वेग आल्यावर धान्य सोडायचे.

सूत्रात R वाढवून पाहिला तर वाट दिसते. R = १ केला, की सुरुवातीचाच टॉर्क कमाल होतो, २.६ पट, आणि करंट ०.९८ वरून ०.७१ वर उतरतो. स्लिप रिंग मोटरमध्ये बाहेरून रेझिस्टन्स जोडतात तो याचसाठी. पण तो तसाच ठेवला, तर पूर्ण लोडवर स्लिप २० टक्के होईल, वेग १२०० ला येईल आणि रोटर सर्किटमध्ये १५४ ऐवजी ७७१ वॅट जळतील. म्हणून वेग येईल तसा तो टप्प्याटप्प्याने काढून टाकतात.

केज रोटरला बाहेरून काही जोडता येत नाही. तिथे बार अरुंद आणि खोल बनवतात. रोटर उभा असताना ५० हर्ट्झचा करंट बारच्या वरच्या काठाकडे दाटतो, त्यामुळे बारचा थोडाच भाग वापरला जातो आणि रेझिस्टन्स आपोआप जास्त राहतो. वेग वाढत जाऊन फ्रिक्वेन्सी २ हर्ट्झपर्यंत उतरली, की करंट पूर्ण खोलीत पसरतो आणि रेझिस्टन्स कमी होतो. आपण R सगळीकडे ०.२ धरला. अशा मोटरमध्ये तो सुरुवातीला त्याहून बराच जास्त असतो, म्हणून तिचा प्रत्यक्ष स्टार्टिंग टॉर्क आपल्या उदाहरणातल्या २४.५ न्यूटन-मीटरपेक्षा जास्त मिळतो.